तू कुठे उभी होतीस?

दाबके बाई गेल्याचं मला कुलकर्णी काकांच्या मेसेजवरून कळलं. 'दुसरा शनिवार' या आमच्या पुस्तकवाल्यांच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं होतं, "हसतमुख, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणारं व्यक्तिमत्त्व आपल्यातून हरपलं." खाली जोडलेले हात, कमळं आणि एक पेटती पणती. त्याखाली माणसांनी रांगेत आणखी हात जोडले. मी टाइप केलं, "पान क्रमांक?" आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं.

दाबके बाई हसतमुख नव्हत्या. मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. आणि सांभाळून घेणं हा शब्द त्यांच्यासमोर कोणी उच्चारला असता तर त्यांनी विचारलं असतं, "कोणी, कोणाला आणि कशापासून?" मला ती बाई आवडत नव्हती. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात, पण खोटं बोललेलं त्यांना वाईटापेक्षा जास्त लागलं असतं. तेव्हा खरं तेच लिहिते.

ठाकुर्लीला वर्षा भोईरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक हॉल आहे. जमीन भोईरांची, बिल्डिंग भोईरांची, हॉलही त्यांचाच. बारशी, साखरपुडे, सोसायटीच्या भांडणाच्या मीटिंगा सगळं तिथे होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तो आम्हाला फुकट मिळायचा. आम्ही एक कादंबरी घ्यायचो आणि दर वेळी तिच्या एकाच प्रकरणावर बोलायचो. संपूर्ण पुस्तकावर बोलणारी माणसं पुस्तकावर बोलतच नाहीत, असं दाबके बाईंचं मत होतं. प्रकरण कोणतं ते त्या ठरवायच्या, आणि त्यावरचे प्रश्न आठवडाभर आधी ग्रुपवर टाकायच्या. वर 'नमस्कार' नाही, खाली 'धन्यवाद' नाही. नुसते प्रश्न.

मी नवीन होते तेव्हा माझ्या अंगात उत्साह होता. एका महिन्याला म्हटलं, या वेळी प्रश्न मी काढते. ठाण्याला ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून छान सात-आठ प्रश्न काढले. पहिलाच होता, 'नायकाने गाव का सोडलं?' दाबके बाईंनी सगळ्यांसमोर पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

"वाच."

मी वाचलं. नायकाने गाव का सोडलं ते त्या ओळीत सरळ लिहिलेलं होतं.

"ज्या प्रश्नाचं उत्तर बोटाखाली येतं तो प्रश्न नाही. लोकांनी पुस्तक वाचलंय की नाही याची ती हजेरी आहे. तू हजेरी घ्यायला आलीस?"

दुसरा प्रश्न होता, 'नायकाचं वागणं तुम्हाला योग्य वाटतं का?' त्यावर त्या म्हणाल्या, "यावर माणसं हो म्हणतील किंवा नाही म्हणतील आणि चहा पितील. त्यापेक्षा असं विचार, त्याचं वागणं योग्य आहे असं आपल्याला वाटावं म्हणून लेखकाने काय काय केलंय, आणि काय लपवलंय? मग माणसं परत पानात तोंड घालतील." तिसऱ्या प्रश्नापर्यंत माझे कान तापले होते. घरी जाऊन मी नवऱ्याजवळ त्या बाईला यथेच्छ शिव्या घातल्या. वाईट याचं वाटलं की त्यांनी बदललेला प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा चांगला होता.

त्यांचा सगळ्यात जालीम नियम वेगळाच होता. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे, तो विचारायचा नाही. "उत्तर खिशात ठेवून विचारलं की ती परीक्षा झाली. परीक्षा घ्यायला मला पगार मिळत नाही." असा प्रश्न कोणी पकडला तर तो 'उलटायचा', म्हणजे विचारणाऱ्यानेच उठून त्याचं उत्तर द्यायचं, तेही पान दाखवून. माझे प्रश्न उलटले. कुलकर्णी काकांचे तर इतके उलटले की ते प्रश्न काढायचेच थांबले. दाबके बाईंचा प्रश्न मात्र कोणाला पकडता आला नव्हता.

त्या विमा कंपनीतून रिटायर झाल्या होत्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी क्लेमचे कागद तपासले. लोक त्या बाईंना कंटाळून अर्धे क्लेम मागे घेत असावेत अशी मला शंका आहे. एकदा त्यांनी एका दुकानाच्या आगीची गोष्ट सांगितली होती. मालक, नोकर, शेजारी, सगळ्यांच्या जबान्या अगदी जुळत होत्या. प्रत्येकाने लिहिलं होतं, आग अचानक लागली. "मी प्रत्येकाला एकच विचारलं, तू कुठे उभा होतास? दुकानाच्या आत एकही नव्हता. मग अचानक हे यांना कोणी सांगितलं? माणूस जिथे नव्हता तिथलं जास्त रंगवून सांगतो." कादंबरीत 'मी' म्हणून बोलणारा कोणी आला की त्या त्याच्याकडे या दुकानदाराकडे पाहावं तसंच पाहायच्या. हा कुठून बघतोय, कधी सांगतोय आणि असं सांगण्यात याचा फायदा काय. आम्हालाही त्याच नजरेने बघायच्या, त्यामुळे त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असायची.

कुलकर्णी काकांशी त्यांचं उघड वैर होतं. काका ग्रुपचे ॲडमिन, स्वभावाने गोड, आणि प्रश्नमंजूषेचे भक्त. त्यांनी एका दिवाळीत बक्षिसाची प्रश्नमंजूषा ठेवली. नायिकेच्या मावशीचं गाव कोणतं, कुत्र्याचं नाव काय, लग्नात जेवणाला काय होतं. दाबके बाईंनी सगळी उत्तरं बरोबर दिली, बक्षिसाचा स्टीलचा डबा उचलला आणि तिथल्या तिथे काकांना परत केला.

"रेल्वेचं टाइमटेबल पाठ असलेला माणूस कुठे जाऊन आलेला असतोच असं नाही, कुलकर्णी."

काकांचा चेहरा पडला. काकांबरोबर येणाऱ्या काकू त्यानंतर कधी आल्याच नाहीत. एवढं बोलायची गरज नव्हती, पण गरज नसलेलं बोलण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आता वर्षाविषयी. वर्षा भोईर सुरुवातीला फक्त चहा घेऊन यायची. सोबत भजी, कधी उकडलेल्या शेंगा. ठेवायची आणि दाराशी उभी राहायची. दाबके बाई तिच्या चहाला शिवत नसत. स्वतःचा थर्मास आणायच्या. तेलकट बोटं पुस्तकाला लागतात म्हणून भज्यांकडे बघायच्याही नाहीत. वर्षाला ते लागायचं. एकदा ती मला म्हणाली, "आमच्या हातचं चालत नाय का त्यांना?" मी म्हटलं, तसं काही नाही, त्यांना कोणाच्याच हातचं काही चालत नाही.

एका शनिवारी बाईंनी दाराकडे बोट करून विचारलं, "तू का वाचत नाहीस? खुर्च्या परत मिळतायत की नाही ते बघायला उभी राहतेस?"

वर्षा लाल झाली. पुढच्या महिन्यात ती पुस्तक घेऊन बसली, आणि बसली ती बसलीच. तिची बी.कॉम.नंतर सुटलेली वाचायची सवय परत आली. वर्षभरात ती आमच्यात सगळ्यात बारकाईने वाचणारी झाली. बाई तिची स्तुती करत नसत. फक्त तिचं बोलणं मध्येच तोडत नसत, आणि हॉलची जास्तीची चावी वर्षाने त्यांच्याकडे दिली तेव्हा त्यांनी ती घेतली. त्या लवकर येऊन खुर्च्या गोल मांडायच्या. दाबके बाईंच्या बाबतीत याला जिव्हाळा म्हणायला हरकत नाही. याहून जास्त तिथे काही उगवत नव्हतं.

त्या वर्षी आम्ही खाडीकाठच्या एका गावावरची कादंबरी घेतली होती. सहावं प्रकरण झालं. चहा पिताना वर्षा सहज बोलून गेली की पुढच्या महिन्यातल्या आपल्या शनिवारनंतरच्या सोमवारी तिला कल्याणला जायचंय. माहेरची जमीन आता बिल्डरकडे जाणार, म्हणून भावांनी हक्कसोडीच्या सहीला बोलावलं होतं. जमिनीतला तिचा वाटा ती भावांच्या नावे सोडणार.

"सगळ्या बहिणी सोडतात," ती म्हणाली. "नाय सोडलं तर भाऊबीजेला कोणाच्या दारात जाऊ? जमीन काय ओवाळून घेते का?"

आम्ही माना डोलावल्या. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी अशा सह्या केल्या होत्या किंवा करून घेतल्या होत्या. दाबके बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. चर्चेत स्वतःच्या घरची गाऱ्हाणी आणायला त्यांचीच बंदी होती. "तुमच्या सासूला या पुस्तकात लेखकाने घेतलेलं नाही," असं त्या म्हणायच्या.

दोन दिवसांनी ग्रुपवर मेसेज आला. 'सातवं आणि आठवं सोडून नववं प्रकरण.' कारण दिलेलं नव्हतं. मी नववं उघडलं आणि उभ्या उभ्याच वाचून काढलं.

नवव्या प्रकरणात तीन बहिणी माहेरी येतात. धाकटा भाऊ ती हकिकत सांगतो. वडील वारलेत, मिठागराची जागा विकायची आहे, वकील कागद घेऊन आलाय. तिघी जेवतात, सह्या करतात, निघतात. धाकटा म्हणतो, 'तिघी हसत आल्या, हसत सह्या केल्या, हसत गेल्या.' निघताना धाकटी बहीण कोणाला न विचारता कोठारात जाते आणि मूठभर मीठ पदरात बांधून घेते. आई बघते, बोलत नाही. प्रकरण संपतं.

प्रश्न आठवडाभर आधी आले. चार होते. चौथा वाचून मला वाटलं हे वर्षाच्या घराच्या दारावर लिहिलंय. वर्षाने ग्रुपवर फक्त अंगठा टाकला.

शनिवारी सगळे वेळेवर आले. भांडण होणार असेल तिथे मराठी माणूस वेळेवर येतो. बाईंनी पहिला प्रश्न वाचला. "सह्या होत असताना सांगणारा धाकटा कुठे आहे? तिथून त्याला बहिणींचे चेहरे दिसतात का?"

आम्ही पानं उलटली. कोणालाच हे आठवत नव्हतं. मग मला सापडलं. अंगणात कोलंबीचे सोडे वाळत घातलेत आणि आईने धाकट्याला कावळे हाकायला बसवलंय. सह्या ओटीवर, तो अंगणात, दाराकडे पाठ करून.

"म्हणजे त्याने हसणं बघितलंच नाही," वर्षा हळूच म्हणाली.

"आवाज आला असेल," कुलकर्णी काका म्हणाले. "हसण्याचा आवाज अंगणात येतो."

"दाखवा."

काकांनी शोधलं. आवाज होता. पण हसण्याचा नव्हता. 'आतून बांगड्यांचा आवाज आला,' एवढंच. त्याने ऐकल्या बांगड्या आणि आपल्याला सांगितलं हसू. हसण्याचं ते वाक्य मी तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा त्या धाकट्यावर विश्वास ठेवला होता. मनातल्या मनात मी बाईंवर चडफडले, कारण मजा आली होती.

दुसरा प्रश्न मापाचा. जेवणाला अडीच पानं आणि सह्यांना एक ओळ, असं का? काका म्हणाले, लेखक खवय्या असणार. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. मी म्हटलं, लेखक नाही, धाकटा. त्याला जेवणात रेंगाळायचंय, कारण जेवणात त्याला लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांच्याकडून मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस.

तिसरा प्रश्न मिठाचा. त्यांनी मीठ कशाचं प्रतीक आहे असं विचारलं नाही. तो शब्द काढला की त्या खवळायच्या, कारण मग माणसं उत्तरं वाटायला लागतात. त्या म्हणाल्या, मिठाची वाक्यं वगळून शेवटचं पान मोठ्याने वाचा. एकीने वाचलं. बहिणी आल्या, जेवल्या, गेल्या. दिवाळीच्या सुट्टीसारखं गोड प्रकरण. मग मीठ घालून वाचलं. तेच प्रकरण, तीच माणसं, पण आता कोणीतरी न विचारता काहीतरी नेलं होतं आणि आईने ते नेऊ दिलं होतं. काका म्हणाले, "हे म्हणजे भाजीत मीठ नसल्यासारखं झालं." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं काही तोडलं गेलं नाही.

मग चौथा. बाईंनी वर्षाकडे न बघता वाचला. "सही करायला लावणारे भाऊ आणि नाही म्हणता येत असूनही सही करणारी धाकटी, यांत जास्त दोष कोणाचा?"

सोमवारी काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. कोणीतरी खुर्ची सरकवली. बाई थांबल्या. गप्प बसण्याची त्यांना सवय होती, समोरच्याला शेवटी बोलावंच लागायचं. क्लेमवाल्यांनाही असंच बसवत असतील.

वर्षाने पुस्तक मिटलं. "बाई, हा प्रश्न उलटतो."

"का?"

"नाही म्हणता येत असूनही, हे तुम्ही धरूनच चाललात. ते पुस्तकात नाय. ते तुमच्या खिशात हाय. उत्तर घेऊन आलात आणि आमाला विचारताय. मग तुम्हीच म्हणता ना, ही परीक्षा." तिचा आवाज चढत गेला तशी तिची भाषा खाडीकडे सरकत गेली. "माझी परीक्षा घ्यायला आलाय कं?"

मी आजवर बाईंना असं पाहिलं नव्हतं. त्यांची मान ताठच होती, पण पेन खाली ठेवलं गेलं. कुलकर्णी काकांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्याही.

नियम त्यांचाच होता. त्या उभ्या राहिल्या. "धाकटी शाळेत शिकवते. स्वतःचा पगार आहे. तोंडात जीभ आहे. ती नाही म्हणू शकत होती. तिने मूठभर मिठावर भागवलं. मूर्खपणा केला."

"पान?" वर्षा म्हणाली.

"शाळेचा उल्लेख सुरुवातीला आहे."

"शाळेचा नाय. नाही म्हणता आलं असतं, त्याचं पान. मूर्ख, त्याचं पान."

बाईंनी पुस्तक उघडलं. पुढे गेल्या, मागे आल्या. चष्मा वर केला, खाली केला. पान नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं की नाही, तरी त्या शोधत होत्या.

"आता मी विचारते," वर्षा म्हणाली. "उत्तर मना पण ठाऊक नाय. तीन बहिणी, तिघींची सासरं. या प्रकरणात एकीच्या पण सासरचं दार उघडत नाय. येतात कुठून, जातात कुठे, लेखक बोलतच नाय. सही केली नसती, तर धाकटी त्या संध्याकाळी कुठल्या दारात गेली असती? ते दार लेखकानं का नाय दाखवलं?"

बाई खाली बसल्या. त्यांनी पेन उचललं आणि पुस्तकाच्या समासात काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "हा प्रश्न आहे."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर आज मी वेगळं लिहिलं असतं. थांबणं त्यांना येत नव्हतं.

"पण तू सोमवारी सही करू नकोस."

घरचं आणायचं नाही, ही त्यांचीच बंदी. ती त्यांनी मोडली, तीही सगळ्यांसमोर, वर्षाच्याच हॉलमध्ये. वर्षा उठली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"तुमाला कोणी विचारलं? माझ्या भावांची नावं माहीत हायत तुमाला? माझ्या आईला बघितलंय? पुस्तकातल्या बाईला मूर्ख बोललात ते ऐकून घेतलं, ती काय परत बोलाला येणार नाय. मी हाय समोर." तिने हात पुढे केला. "हॉलची चावी द्या."

बाईंनी पर्स उघडली. चावी घराच्या चाव्यांच्या रिंगमध्ये अडकवलेली होती. रिंग निघेना. नखाने ओढत राहिल्या. मदतीला कोणी उठलं नाही, मीही उठले नाही. शेवटी निघाली. ती त्यांनी वर्षाच्या हातात न देता टेबलावर ठेवली, थर्मास बगलेत घेतला आणि गेल्या. चपला घालायला वेळ लागला, त्याचा आवाज आत येत होता. काका म्हणाले, "चला, सुटलो एकदाचे." वर्षा त्यांच्यावरही ओरडली, "तुम्ही गप बसा ओ काका."

सोमवारी सही झाली. वर्षाने फोनवर "झालं बाई एकदाचं" एवढंच सांगितलं. तिचा नवरा, नितीन, मला भाजीवाल्यापाशी भेटला तेव्हा तो खुशीत होता. "आमच्या मंडळीनं हसत हसत केली सही. मेव्हण्यांनी मग मस्त जेवण दिलं. सुरमई काय, चिंबोऱ्या काय." जेवणाविषयी तो बराच वेळ बोलला.

आमचा शनिवारचा कट्टा त्यानंतर टिकला नाही. काकांनी प्रश्नमंजूषा सुरू केली, दोनदा मी गेले. कुत्र्यांची नावं सांगून कंटाळा आला. बाईंचं नाव कोणी काढत नव्हतं, पण एखादा प्रश्न विचारला गेला की सगळ्यांचे डोळे एकदम त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे जायचे.

त्या मला शेवटच्या भेटल्या त्या ठाकुर्लीला, शीळफाट्याकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर. हातात काठी आली होती. गळ्याचं हाड वर आलं होतं. तरी थर्मास होताच. मी बघून न बघितल्यासारखं करणार तोच त्यांनी काठी माझ्या वाटेत आडवी धरली.

"सही केली का तिने?"

कशी आहेस नाही, काही नाही. मला राग आला आणि बरंही वाटलं, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे होतं. "केली," मी म्हटलं. "हसत हसत केली."

हे वाक्य तोंडातून निघाल्यावरच मला कळलं मी काय केलं ते. पण उशीर झाला होता. बाईंचे डोळे बारीक झाले.

"तू कुठे उभी होतीस?"

"मी तिथे नव्हते. नितीनने सांगितलं."

"तो कुठे उभा होता?"

मला माहीत नव्हतं. तो जेवणाविषयी बोलला होता, एवढंच मला माहीत होतं. मी म्हटलं, "काय फरक पडतो बाई? झालं ना आता. तुम्ही तिला तेव्हा तसं तोडून बोलला नसता तर..."

"तोडूनच बोलले. चुकीचा प्रश्न विचारला." हे त्या इतक्या कोरडेपणाने म्हणाल्या की ती माफी आहे असं कोणीही म्हणणार नाही. "तू योग्य प्रश्न विचार. जाऊन तिलाच विचार. आणि उत्तर मला आणून देऊ नकोस. माझं नाही ते."

बस आली. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. काठी आधी आत ठेवली, मग थर्मास, मग स्वतः. कंडक्टर "आजी, लवकर" म्हणाला. त्यावर त्या त्याला काहीतरी बोलल्या असणार, कारण बस हलली तेव्हा तो तोंड पाडून उभा होता.

मी घरी आले. त्या बाईचं ऐकायचं नाही असं ठरवलं आणि चार दिवस ऐकलं नाही. पाचव्या दिवशी वर्षाकडे गेले. ती कोथिंबीर निवडत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी विचारलं, "वर्षा, सही करताना नितीन कुठे होता गं?"

"खाली. गाडी लावाला जागा नव्हती, तो फिरतच होता. का?"

"तू हसलीस, असं तो म्हणाला."

तिचे हात थांबले. एक जुडी सोडून तिने दुसरी घेतली, तीही ठेवली.

"हसले ना," ती म्हणाली. "बाहेर आल्यावर. भाऊ फोटो काढत होता, बोलला सगळ्यांनी हसा." मग देठं गोळा करता करता म्हणाली, "आत कसं झालं, ते कोणी विचारलंच नव्हतं आजपर्यंत."

त्या दिवशी मला तिथून निघायला अंधार झाला. तिने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, आणि दाबके बाईंनाही मी ते कधी सांगितलं नाही. त्यांनीच तसं बजावलं होतं.